रापण : चित्रपुस्तकावरून चित्रफीत, ७ चौकटी, दीड मिनिट

निवेदन तिशीतल्या बाईच्या आवाजात, प्रमाण मराठीत. संवाद मालवणीत, आणि ते तसेच राहू द्या. खाली उपशीर्षकं नकोत. संगीत नाही, फक्त लाटा.

चौकट १ (०:००–०:०९)
मालवणजवळचा किनारा, पहाट. माणसं होडी पाण्यात ढकलतायत.
निवेदन : आबांनी हलवून उठवलं. म्हणाले, "चल गो, आज दर्या शांत आसा."

चौकट २ (०:०९–०:२३)
वरून होडी. किनाऱ्यावर राहिलेलं दोराचं टोक कच्च्या चित्रात नाहीच. ते रेखाटून घ्या, नाहीतर रापण म्हणजे काय हे कळायचं नाही. जाळ्याची रेघ निवेदनाबरोबर उमटत जाऊ दे.
निवेदन : दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते. जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक घेऊन परत वाळूला लागते. मग ओढायचं काम माणसांचं.

चौकट ३ (०:२३–०:३४)
निवेदन : दोन दोर, दोन रांगा. आमच्या रांगेत पंचवीसेक माणसं, शेवटची मी.
नात : आबा, मी खंय धरू?
आबा : माझ्या मागसून. पाय घट रोव.

चौकट ४ (०:३४–०:४०)
तळहात, ओला दोर. दोराची करकर, धापा. पहिल्या खर्ड्यात इथे कष्टांवर एक वाक्य होतं, ते खोडलं. हात दिसतायत, पुरे.

चौकट ५ (०:४०–०:५८)
पुस्तकात हे पूर्ण पान आहे. एकदम दाखवलं तर वाया जाईल, म्हणून तीन तुकडे : पक्षी (५ सेकंद), थरथरणारं पाणी (५), मग पूर्ण पान (८).
निवेदन : आधी पक्ष्यांना कळतं.
(पाण्यावर शांतता.)
निवेदन : मग पाणी उकळल्यासारखं दिसायला लागतं.
(पूर्ण पान उघडल्यावर ३ सेकंद कुणी बोलायचं नाही.)
रांगेतून : गावले! बांगडे गावले!

चौकट ६ (०:५८–१:०९)
निवेदन : वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. आबांनी माझ्यापुढे पाच बांगडे ठेवले.
आबा : हो तुझो वाटो.
पाचही बांगडे मोजता आले पाहिजेत; चित्रात सध्या चारच आहेत.

चौकट ७ (१:०९–१:२८)
तोच किनारा, आजचा. चौकट ३ चीच मांडणी, रांग मात्र तोकडी. क्षितिजावर पांढरे दिवे.
निवेदन : परवा पहाटे पुन्हा गेले. रांगेत अकराच माणसं. लांब मोठ्या बोटींचे झगझगीत दिवे. एलईडी लावून मासे धरायला २०१७ पासून बंदी आहे, तरी होते. रांगेतून कुणीतरी विचारलं, "येतंस काय गो?"
(२ सेकंद.)
निवेदन : मी चपला काढल्या.

काळा पडदा (१:२८–१:३०)
दोराची करकर.