फ्रँचायझी माहितीपत्रकाच्या मसुद्यावर अभिप्राय

प्रति, मार्केटिंग विभाग

सप्रेम नमस्कार,

लाँड्री सेवेच्या फ्रँचायझीचे माहितीपत्रक पूर्ण वाचले. मांडणी सुरेख आहे, प्रशिक्षणाची माहितीही नेमकी आहे. तिथे फक्त शुद्धलेखनाच्या खुणा केल्या आहेत. पान १ आणि पान ४ मात्र आहेत तशी छपाईला जाऊ नयेत. हे पत्रक वाचणारा माणूस साठवलेली पुंजी काढून किंवा घर तारण ठेवून पैसे उभे करणार आहे, हे लक्षात ठेवून खालचे बदल सुचवत आहे.

पान १ वर मोठ्या अक्षरांत ‘फक्त १२ लाखांत स्वतःचा व्यवसाय’ असे आहे. या १२ लाखांत फ्रँचायझी शुल्क (५ लाख) आणि यंत्रे (७ लाख) एवढेच येते. ‘इतर खर्च लागू’ ही ओळ तळाशी बारीक टाइपात आहे, आणि तो इतर खर्च मूळ आकड्याइतकाच किंवा त्याहून जास्त आहे! मथळा काढून त्या जागी हा मजकूर घ्यावा:

‘केंद्र सुरू करून पहिले सहा महिने चालवण्यासाठी एकूण अंदाजे २४.५ ते २८.५ लाख लागतात. फ्रँचायझी शुल्क ५ लाख (परत मिळत नाही), यंत्रे ७ लाख, अंतर्गत सजावट, नळजोडणी व वीजकाम ४.५ ते ६.५ लाख, गाळ्याची अनामत २ ते ३ लाख, सुरुवातीचा माल ६० हजार, सॉफ्टवेअर व प्रशिक्षण ४० हजार, उद्घाटनाची जाहिरात १ लाख, खेळते भांडवल ४ ते ५ लाख. कर व कर्जावरील व्याज यात धरलेले नाही.’

सगळे आकडे एकाच टाइपात, एकाच पानावर हवेत. खेळते भांडवल कृपया गाळू नका. ग्राहक जमेपर्यंत भाडे आणि पगार त्यातूनच जातात, आणि केंद्रे अडकतात ती बहुधा तिथेच. अमेरिकेच्या फ्रँचायझी नियमातही सुरुवातीच्या गुंतवणुकीच्या तक्त्यात किमान पहिल्या तीन महिन्यांसाठी लागणारा जादा पैसा दाखवावा लागतो. आपण तेवढे तरी करावे.

पान ४ वर ‘दरमहा १.५ लाख हमखास कमाई, ८ महिन्यांत भांडवल वसूल’ असे म्हटले आहे. ‘हमखास’ हा शब्द आणि वसुलीची ओळ दोन्ही काढा. लेखा विभागाकडून आकडे मागवून पाहिले. १.५ लाख ही सर्वांत चांगल्या चालणाऱ्या ४ केंद्रांची सरासरी आहे, आणि तीही रॉयल्टी वजा होण्यापूर्वीची. त्या केंद्रांची मासिक विक्री सुमारे ४.५ लाख आहे. ६ टक्के रॉयल्टी आणि २ टक्के जाहिरात निधी म्हणजे ३६ हजार तिथेच गेले. ही कपात नफ्यावर नसून विक्रीवर आहे. तोट्याच्या महिन्यातही ती द्यावी लागते, हे पत्रकात कुठेच नाही. सुधारित मजकूर असा:

‘गेल्या आर्थिक वर्षात पूर्ण १२ महिने चाललेल्या ३१ केंद्रांपैकी मधल्या केंद्राची मासिक विक्री २.८ लाख होती. भाडे, पगार, वीज, माल, रॉयल्टी व जाहिरात निधी वजा जाता सुमारे ४२ हजार उरले. यातून कर्जाचा हप्ता, कर आणि मालकाचा स्वतःचा पगार वजा केलेला नाही. ३१ पैकी ७ केंद्रांचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता. त्याच वर्षात बंद पडलेली ३ केंद्रे या आकड्यांत नाहीत. तुमच्या केंद्राचे उत्पन्न जागा, भाडे, स्पर्धा आणि तुम्ही स्वतः देणारा वेळ यांनुसार यापेक्षा कमी किंवा जास्त असू शकते. कंपनी कोणत्याही उत्पन्नाची हमी देत नाही.’

बंद पडलेल्या केंद्रांचे वाक्य विक्री विभागाला खटकेल, याची कल्पना आहे. तरी ते राहावे असा माझा आग्रह आहे. तग धरलेल्यांचीच सरासरी दाखवली, तर आकडा खरा असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

वसुलीचा कालावधी द्यायचाच असेल, तर ४२ हजारांच्या हिशेबाने तो ५८ ते ६८ महिने येतो, आणि तोही ‘दरमहा एवढी रक्कम उरली आणि मालकाने त्यातून काहीच उचलले नाही तर’ या अटीसकट छापावा. माझ्या मते तो न दिलेला बरा.

पान ५ वरील केंद्रचालकाचा अभिप्राय ठेवायला हरकत नाही, पण त्यातले ‘पहिल्याच महिन्यात नफा’ हे वाक्य वगळावे. तो अनुभव एकाचा आहे आणि उत्पन्नाच्या दाव्यासारखा वाचला जातो.

सुधारित प्रत लेखा विभागाने आकडे ताडून सही केल्यावरच छापखान्यात द्यावी. जुना मसुदा ज्या इच्छुकांना ई-मेलने गेला आहे, त्यांना नवी प्रत आणि एकूण गुंतवणुकीचा खुलासा याच आठवड्यात पाठवावा. त्यांच्यापैकी कोणाकडूनही तोवर आगाऊ रक्कम घेऊ नये.

आपला,
फ्रँचायझी करार व अनुपालन विभाग