काका, तो बक्षिसाचा मेल खोटा आहे

काका, नमस्कार.

तुम्ही पुढे पाठवलेला साडेबारा लाखांच्या लॉटरीचा मेल नीट पाहिला. तो बँकेचा नाही. 4,999 रुपये ‘प्रोसेसिंग फी’ अजिबात भरू नका. नुसता मेल उघडून वाचल्याने खात्यातले पैसे जात नाहीत, त्यामुळे तेवढ्यासाठी झोप उडवू नका.

आधी पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. वर बँकेचं नाव ठळक दिसतं खरं, पण तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. जीमेलमध्ये नावाखालच्या to me शेजारच्या बाणावर बोट ठेवा, खरा पत्ता उघडेल. तुम्हाला आलेल्या या मेलचा पत्ता gmail.com ने संपतो. बँक असल्या पत्त्यावरून पत्रव्यवहार करत नाही. मात्र पत्ता बरोबर दिसला म्हणूनही विश्वास टाकू नका, तोही बनवता येतो.

‘KYC अपडेट’ या निळ्या बटणामागची लिंक जास्त चलाख आहे. तिच्यात bank.in मध्येच कुठेतरी घुसवलंय, शेवट मात्र .xyz. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आपल्या बँकांची संकेतस्थळं आता .bank.in वर आली आहेत, पण ही अक्षरं पत्त्यात https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी हवीत. मेलमधून बँकेत जायचंच कशाला? पत्ता स्वतः टाइप करावा, नाहीतर सरळ बाड्यावरच्या शाखेत जाऊन यावं.

आता साडेबारा लाखांचं. तुम्ही तिकीटच घेतलं नाही, मग लॉटरी लागली कशी? रोख बक्षिसावरचा कर बक्षीस देणारा आधीच कापून घेतो. तो आगाऊ मागणारा लबाड. एकदा फी भरली की मग ‘जीएसटी’, मग ‘क्लिअरन्स’, अशी मागणी वाढतच जाते. ‘24 तासांत न केल्यास खातं बंद’ ही धमकी तुम्ही कुणाला विचारू नये म्हणूनच. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

मेलमधल्या लिंकवरून उतरणारी .apk फाइल सर्वांत घातक. ते अॅप टाकलं की ओटीपीचे मेसेज परस्पर त्यांच्याकडे जाऊ शकतात, तुम्ही कुणाला काही सांगितलं नाही तरी. फोन करून ‘स्क्रीन शेअर करा’ म्हणतील, तेव्हाही फोन ठेवून द्या. मेलमधल्या ‘हेल्पलाइन’वर चौकशी करू नका, ती त्यांचीच. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या.

संगणकावर जीमेल उघडून मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबून Report phishing करा. काही भरलं गेलं असेल तर काकूंच्या फोनवरून लगेच बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा, तक्रार cybercrime.gov.in वरही होते. इथे तासाचाही उशीर नको, कारण पैसे भराभर दुसऱ्या खात्यांत फिरवतात. ते अॅप टाकलं असेल तर तुमच्या फोनचं इंटरनेट आधी बंद करा. मेल आणि मेसेज पुसू नका, पुरावा लागतो.

तुम्ही त्या लिंकवरच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख किंवा कार्ड नंबर टाकला होता का? आजच कळवा. कार्ड नंबर दिला असेल तर कार्ड आत्ताच ब्लॉक करायला सांगा.

तुमचा,
मंदार