शिफारसपत्रासाठी विनंती

घाटंजी तालुका, जि. यवतमाळ
3 ऑक्टोबर 2025

प्रति,
मानसशास्त्र विभागप्रमुख,
यवतमाळ

विषय : क्लिनिकल सायकॉलॉजीच्या इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र मिळण्याबाबत

आदरणीय सर,

सादर नमस्कार. काल सोनं द्यायला घरी यायचं ठरवलं होतं, पण सोयाबीन काढणीचे मजूर नेमके कालच मिळाले आणि मी शेतातच अडकले. म्हणून हे पत्र आधी, सोनं मागाहून.

नागपूरच्या मनोरुग्णालयात डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन महिन्यांच्या क्लिनिकल सायकॉलॉजी इंटर्नशिपसाठी मी अर्ज करते आहे. अर्जासोबत दोन शिफारसपत्रं लागतात. त्यातलं एक, ज्यांच्या देखरेखीखाली क्षेत्रकार्य केलं त्या शिक्षकांचंच हवं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. माझ्यासाठी ते तुम्हीच. दुसरं पत्र संशोधन पद्धतीच्या मॅडम देणार आहेत. संख्याशास्त्रात मला 48 गुण आहेत हे त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनीच दिलेत.

सर, शिफारसपत्रात "मेहनती, प्रामाणिक, नम्र" असं लिहिण्याची पद्धत आहे आणि तुम्ही तसं लिहिलंत तरी मी आनंदानेच घेईन. पण त्यांच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असा आहे : विद्यार्थ्याची चूक दाखवून दिल्यावर तो काय करतो? ते वाचताना मला ऑगस्टमधला आपला प्राथमिक आरोग्य केंद्राचा आठवडा आठवला. तुम्हाला दरवर्षी चाळीस मुलांच्या फाइली तपासाव्या लागतात, म्हणून माझी आठवण करून देते. त्या बाईंचं नाव-गाव इथेही लिहीत नाही.

पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीची मराठी प्रत घेऊन मी त्यांच्यासमोर बसले होते. पहिलाच प्रश्न मी छापल्याप्रमाणे वाचला : गेल्या दोन आठवड्यांत काम करण्यात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, निंदनात कायचा आनंद?" मी गडबडले, 0 वर खूण केली आणि पुढे गेले. तुम्ही फाइलीच्या समासात लाल पेनाने एकच ओळ लिहिली होती : "मग आनंद कशात वाटायचा, ते विचारलंस का?" दुसऱ्या फेरीत विचारलं. त्या म्हणाल्या, "भुलाबाईचे गाणे मीच काढतो दरवर्षी. मागच्या साली बसलोच नाई. आवाज नाई निघत." पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. खूण 0 वरून 3 वर गेली.

पण खरी चूक ती नव्हती. नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा, मी विचारलाच नाही. विचारला तर आपणच त्यांच्या डोक्यात ते घालू, अशी भीती वाटली. विचारल्याने तसं होत नाही, हे पेपरात मी व्यवस्थित लिहिलं होतं आणि गुणही मिळवले होते. तरी समोर माणूस असताना जीभ उचलली नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या रकान्यात मी 0 लिहिलं. संध्याकाळी एसटीची वाट बघताना राहवलं नाही, म्हणून स्टँडवरूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही रागावला नाहीत. "आशाताईंचा नंबर दे, आणि सकाळी आठला तिथेच भेट," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याशी बोलताना मी बाजूला बसून होते. तुम्ही एकदाही "औषध" हा शब्द वापरला नाहीत, "गोळ्या" म्हणालात. परतताना मी कारण विचारलं, तेव्हा तुम्ही उलट मलाच विचारलंत की आपल्याकडे "त्यानं औषध घेतलं" म्हटल्यावर लोकांना काय ऐकू येतं. मी इथेच वाढले, घरी चार एकर कोरडवाहू कपाशी आहे, फवारणीच्या डब्यालाही आम्ही औषधच म्हणतो, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग नववा प्रश्न तुम्ही मला विचारायला लावलात. मी त्यांच्याच बोलीत विचारला. उत्तर "कधी कधी येते मनात" असं आलं. त्यानंतरची कामं, म्हणजे डबा घरातून हलवून दिरांकडे कुलपात ठेवणं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी नेणं, आणि टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये घालून देणं, ही तुम्ही आणि आशाताईंनी केली. मी फक्त सोबत होते. पत्रात यापेक्षा जास्त श्रेय माझ्या नावावर येऊ नये.

हा प्रसंग लिहायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मैत्रिणी म्हणतात, वेडी आहेस का, स्वतःची चूक कोणी शिफारसपत्रात मागून घेतं? मला मात्र वाटतं, जिथे मला रोज पेशंटसमोर बसवणार आहेत त्यांना हे माहीत असावं. त्यानंतरच्या अकरा मुलाखतींत मी नववा प्रश्न एकदाही गाळलेला नाही. त्या फाइली विभागाच्या कपाटात आहेत.

इंटर्नशिपमध्ये मला निदान करायचं नाही, तो माझा अधिकारही नाही. पूर्वेतिहास घेणं, मेंटल स्टेटस एक्झामिनेशन लिहिणं आणि चाचण्या देताना वरिष्ठांच्या शेजारी बसणं, एवढंच काम आहे. वॉर्डातला माणूस मी अजून पाहिलेला नाही. स्किझोफ्रेनिया मला फक्त पुस्तकातून माहीत आहे आणि आमच्या गल्लीतल्या एका काकांमुळे, ज्यांना सगळे "बाहेरचं झालं" म्हणायचे. पुढच्या वर्षी आरसीआय-मान्य अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. त्याआधी हे काम मला झेपतं का, ते तपासायचं आहे.

आता कामाचं. अर्जाची शेवटची तारीख 31 ऑक्टोबर आहे, पण दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये येतात. म्हणून शक्य झाल्यास 16 तारखेपर्यंत पत्र जावं, अशी विनंती. कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, तुमच्या ईमेलवरून थेट त्यांना पाठवायचं आहे. माझ्या हातात द्यायचं नाही. फॉर्म, बायोडाटा, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि त्या आठवड्याच्या माझ्या टिपणांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तुमच्या लाल पेनाच्या ओळी झेरॉक्समध्ये काळ्या आल्यात, पण वाचता येतात.

तुमच्याकडे परीक्षेचं काम आहे, हे ठाऊक आहे. वेळ नसेल, किंवा मनापासून शिफारस करावी असं वाटत नसेल, तर स्पष्ट सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही, आणि घेतलंच तरी दुसरी सोय करायला अजून दिवस हातात आहेत. शेतात रेंज नसते; संध्याकाळी सातनंतर फोन लागतो. नाहीतर मंगळवारी मी कॉलेजला आहेच, तेव्हा सोनं घेऊन विभागात येते.

काकूंना नमस्कार.

आपली विद्यार्थिनी,
प्रणाली
एम.ए. द्वितीय वर्ष, तिसरं सत्र, रोल नंबर 17