फासा

नागपुरात महालातल्या त्या जुन्या घरात मे महिन्यात कूलरशिवाय बसणं म्हणजे शिक्षाच. तरी रोज संध्याकाळी साडेसातला रेवा कूलर बंद करायची. त्याच्या घरघरीत फोनमधला सौरभदादाचा आवाज ऐकू यायचा नाही.

तो तिकडे पुण्यात कंपनीच्या बसमधून उतरून कोथरूडला घरी पोचला, की लुडोच्या रूमचा कोड व्हॉट्सॲपवर पाठवायचा. तिची पिवळी, त्याची लाल. हे लहानपणापासून ठरलेलं. खेळता खेळता सगळं निघायचं: तिचे पेपर, त्याचा खडूस मॅनेजर, पुण्यात मनासारखा तर्री पोहा मिळत नाही ही रोजची तक्रार. एक विषय मात्र दोघंही काढत नसत. आजी गेल्यावर मागच्या खोलीवरून मोठेबाबा आणि बाबा भांडले. मोठेबाबा मुलाकडे, सौरभदादाकडे, निघून गेले ते गेलेच. दिवाळीलाही फोन झाला नाही.

त्या दिवशी उकाडा असह्य होता. बाबा बनियनवरच बाहेर आले.

"कूलर काऊन बंद केला?"

"पाच मिनिटं, बाबा. दादाशी खेळून राहिली."

बाबा गेले नाहीत. तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहत उभे राहिले. तिला सहा पडले. ती नवी सोंगटी काढणार, तेवढ्यात ते म्हणाले, "ती नको काढू. मागं लाल उभी आहे, आधी ही पळव."

पलीकडे सौरभ एकदम गप्प झाला. स्पीकर चालू होता. मग फोनमधून मोठेबाबांचा खोकला ऐकू आला, आणि पाठोपाठ आवाज.

"सौरभ, सांग त्याला, दुसऱ्याच्या डावात बोलायचं नसते."

बाबांनी खुर्ची ओढली. "रेवा, सांग त्यांना, गच्चीवर खेळताना माझ्या सोंगट्या कोण सरकवायचं ते."

"सांग त्याला, सरकवत नव्हतो. त्यालाच मोजता येत नव्हतं."

"सांग त्यांना, आई साक्षीला होती."

आईचं नाव निघालं आणि दोन्हीकडचे गप्प झाले. रेवाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात फोनवरून हलवायची तिची हिंमत होत नव्हती. लाल सोंगटीनं दोन घरं टाकली. पिवळी वाचली. आता पाळी तिची होती आणि वेळेचं वर्तुळ भराभर संपत होतं.

तिनं काही न बोलता फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. अंगठा फाशावर नेला आणि तिथेच थांबवला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तिकडे कोण आहे?"

"फोन बाबांकडे आहे," सौरभ म्हणाला.

वर्तुळ अर्ध्यावर आलं.

"फेक ना बे, बबन," मोठेबाबा म्हणाले.