हंगाम संपताना: कर्णधाराचं मनोगत

सर, काकू, आजोबा, सगळे पालक आणि माझ्या पोरींनो,

जूनमध्ये आपल्या खो-खो संघात आपण एकवीस जणी होतो. जुलैत खडकवासल्याचा विसर्ग वाढला, नदीकाठच्या आपल्या मैदानाचं तळं झालं आणि खांब निम्मे पाण्यात गेले. सरावाला सुट्टी मिळेल असं वाटलं होतं. सरांचा निरोप आला, ''पहाटे साडेपाच, पर्वतीचा पायथा.'' १०३ पायऱ्या, पाच फेऱ्या, रोज. सर, तेव्हा तुमचा राग आला होता. उपांत्य सामन्यात शेवटच्या तुकडीतल्या आपल्या तिघी साडेतीन मिनिटं पळाल्या, तेव्हा त्या पायऱ्या कशासाठी होत्या ते कळलं.

त्या सामन्याबद्दल बोलायलाच हवं. आपण एका गुणाने हरलो. अजून एक गडी मिळाला असता तर अलाहिदा डाव खेळलो असतो. आपल्या धाकटीने सूर मारला, बोटं अर्धी वीत कमी पडली आणि शिट्टी झाली. ती बसमध्ये स्वारगेटपर्यंत रडत होती. बाळा, सगळ्यांसमोर सांगते, त्या क्षणी तो सूर मारायची हिंमत आपल्यापैकी फार थोड्यांत होती. त्याआधी मीच घाईत उठताना फाउल केला होता, तोही गुण गेलाच. हार एकटीच्या पदरात टाकायची नाही.

गुडघ्याच्या दुखापतीने ऑगस्टपासून बाहेर बसलेली आपली मैत्रीण एकही सराव चुकली नाही. घड्याळ लावून बसायची, कोण कुठल्या पाटीवरून उशिरा उठते ते वहीत लिहायची. आपली एकेरी साखळी सुधारली ती त्या वहीमुळे. तुझी जागा तशीच ठेवली आहे.

काकू, तुम्ही बारा जर्सी घरच्या मशीनवर शिवल्यात आणि शिलाई घेतली नाहीत. आजोबा, हडपसरहून दोन बस बदलून तुम्ही प्रत्येक सामन्याला आलात, काठी टेकत सीमारेषेपाशी उभे राहिलात. तुमचा ''उठ गं, उठ!'' मला आत ऐकू यायचा.

१९ जानेवारीला दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. आपण तो सामना मैदानावर एकाच मोबाईलभोवती कोंडाळं करून पाहिला. पुढच्याच आठवड्यात वस्तीतल्या सात लहान मुली चपला काढून सीमारेषेवर येऊन उभ्या राहिल्या, ''ताई, आम्हाला घेता का?'' त्यातल्या पाच अजून येतात. आज पहिल्या रांगेत बसल्यात. टाळ्या त्यांच्यासाठी!

सोमवारी साडेपाचला पर्वती. आज मात्र मसालेभात आणि जिलेबी आहे. सर, तुम्ही दरवेळी सगळ्यांचं झाल्यावर जेवता. आज पहिलं पान तुमचं.