ताई, तुमच्या जबड्याच्या फोटोत काय दिसतंय

सांगली, १८ जानेवारी २०२५

ताई,

काल तुम्ही क्लिनिकमधून उठताना विचारलंत, "म्हणजे सगळे दात काढायला लागणार का?" नाही. सगळे काढायचे नाहीत. पण त्या प्रश्नावरून कळलं की मी स्क्रीनवर बोट ठेवून भराभर जे सांगितलं ते तुमच्यापर्यंत नीट पोचलं नाही. म्हणून निवांत बसून लिहिलंय. ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे फोटो, तुमच्या लेकीच्या मोबाइलवर पाठवलाय. तो समोर ठेवून तिला हे मोठ्यानं वाचायला सांगा.

आधी फोटो कसा बघायचा ते सांगते. मी तुमच्या समोर उभी राहून तुमच्याकडे बघते तसाच तो आहे. म्हणून तुमची डावी बाजू फोटोत उजव्या हाताला येते. कडक वस्तू पांढरी दिसते, मऊ किंवा पोकळ जागा काळी. दात सगळ्यात पांढरे, हाड राखाडी. वरच्या दाढांच्या वर दोन मोठ्या काळसर जागा आहेत, त्या सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या. मधोमध जो पांढुरका पट्टा आहे तो मानेच्या मणक्यांची सावली. नाकाजवळचा ठळक पांढरा ठिपका म्हणजे तुमची चमकी. कानातलं आणि मंगळसूत्र काढलंत, पण ती काही निघाली नाही. तो ठिपका बघून लेक घाबरली होती, तिला सांगा काळजीचं काही नाही. फोटोच्या किरणांबद्दलही तिनं विचारलं होतं. एका ओपीजीत पडणारे किरण फार थोडे असतात, एरवी काही दिवसांत निसर्गातूनच आपल्या अंगावर पडतात साधारण तेवढे.

तुम्ही आलात ते डाव्या अक्कलदाढेसाठी. तिथूनच सुरू करू.

फोटोत उजव्या हाताला, खालच्या ओळीच्या अगदी शेवटी बघा. शेवटची दाढ सरळ उभी नाही. ती पुढे कलली आहे आणि तिचं डोकं पुढच्या दाढेच्या पाठीत रुतलंय. कागदावर मी तिला ३८ नंबर लिहिलाय. जबड्यात जागा नव्हती म्हणून ती अर्धी वर आली आणि अर्धी हिरडीखाली अडकली. अर्ध्या भागावर हिरडीचं झाकण आहे, त्याखाली भाताचं शीत, भाकरीचा कण अडकतो आणि ब्रश तिथं पोचत नाही. म्हणून सूज आली, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, गिळताना कानात कळ जायची. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी दोनदा बरं वाटलं आणि दोनदा परत सुजलं. आताही माझ्या गोळ्यांनी सूज उतरेल. उतरली म्हणजे दाढ सुधारली असं धरू नका. ती तिथं आहे तोवर हे पुन्हा होणार.

आणि एक गोष्ट मला जास्त खटकली. ती जिथं टेकली आहे तिथं पुढच्या दाढेच्या, म्हणजे ३७ च्या मागच्या बाजूला एक काळा खळगा दिसतो. ती कीड आहे. ३७ ही चांगली, चावायला लागणारी दाढ आहे. तिच्यातली कीड अजून आतल्या नसेला पोचलेली नाही, पण ३८ काढल्याशिवाय तिथं माझं अवजार पोचत नाही. म्हणून ३८ काढायची आणि ३७ वाचवायची, हे माझं मत पक्कं आहे.

उजवीकडची अक्कलदाढ, ४८, वेगळी आहे. ती फोटोत डाव्या हाताला हाडात पूर्ण आडवी झोपली आहे. तिच्या मुळाखालून दोन बारीक पांढऱ्या रेघा जातात, त्यांच्या मधून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. मुळं त्या नळीवर आलेली दिसतात. फोटो सपाट असल्यामुळे ती नळीला चिकटलीत की नुसती पुढे-मागे आहेत, हे यावरून ठरवता येत नाही. काढायचीच झाली तर आधी थ्री-डी स्कॅन करावा लागेल, कारण नसेला धक्का बसला तर ओठ आणि हनुवटी काही काळ बधिर राहू शकते, क्वचित कायमचीसुद्धा. तुम्हाला ती दुखत नाही, भोवती काळी पोकळी नाही, पुढच्या दाढेला तिनं काही केलेलं नाही. म्हणून आज मी तिला हात लावणार नाही. वर्षभराने फोटो काढून बघू.

आता किडलेल्या दाढा. ३७ चं सांगून झालं. दुसरी म्हणजे उजवीकडची खालची ४६. दोन वर्षांपूर्वी ती रात्रभर ठणकायची, लवंग दाबून धरायचात आणि मग एक दिवस आपोआप थांबली, असं तुम्हीच सांगितलंत. थांबली, कारण आतली नस मेली. फोटोत तिच्या डोक्यातला काळा डाग थेट मधल्या पोकळीला भिडलाय आणि मुळाच्या टोकाशी मसुरीएवढा गोल काळसर डाग आहे. तिथलं हाड जंतूंनी विरघळवलंय. हिला रूट कॅनॉल करून वर कॅप बसवायची. मुळं भक्कम आहेत, हाड पुरेसं आहे, ही दाढ नक्की टिकवू. मुळाच्या टोकाचा तो डाग वर्षभरात हळूहळू भरत येतो, तेव्हा आपण फोटो काढून तपासू.

वर उजवीकडे दोन दाढांच्या मध्ये एक राखाडी छटा आहे. ती कीड आहे की दोन दाढांच्या सावल्या एकमेकींवर पडल्यात, हे ओपीजीवरून सांगता येत नाही. वरच्या छोट्या दाढांजवळ असं नेहमी होतं. मंगळवारी तिथला एक छोटा फोटो काढते आणि मगच ठरवते. उगाच दाढ कोरायची नाही.

आता हिरड्यांचं. हा भाग शांतपणे ऐका, कारण तो दुखत नाही आणि दुखत नाही म्हणूनच मागे पडतो. काल आपला सगळा वेळ अक्कलदाढेत गेला, पण तुमच्या तोंडातलं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालंय.

खालच्या समोरच्या दातांकडे बघा. दाताचा चकचकीत पांढरा टोप जिथं संपतो, त्याच्या एक-दोन मिलिमीटर खाली हाडाची कड असायला हवी. तुमची कड बरीच खाली गेली आहे, मुळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उघडा पडलाय. तुमच्या द्राक्षबागेतला मांडवाचा अँगल आठवा. बुडाशी पाणी लागून माती वाहून गेली की अँगल तोच, पण हलायला लागतो. दात किडलेले नाहीत, धरून ठेवणारं हाड कमी झालंय. म्हणून समोरच्या दोन दातांत फट पडली आणि शेंगदाणा चावताना ते हलल्यासारखे वाटतात.

डावीकडच्या ३६ ला तर दोन मुळांच्या मधलं हाड गेलंय, तिथं काळा त्रिकोण दिसतो. काल मी बारीक सळईनं हिरडीची खोली मोजली तेव्हा तिथं ७ मिलिमीटर भरली. निरोगी हिरडीत ती तीनपर्यंत असते. या दाढेची खात्री मी आज देत नाही. प्रयत्न करू, जमलं तर ठेवू, नाही जमलं तर सरळ सांगेन.

हे का झालं? दातांच्या मुळांवर कीटण साचलंय, फोटोत दोन दातांच्या मध्ये बारीक पांढरे काटे दिसतात ते तेच. त्यावर वाढणाऱ्या जंतूंशी अंग लढतं आणि त्या लढाईत हाड झिजतं. त्यात तुमची शुगर. फाइलमधला तीन महिन्यांचा सरासरी आकडा ८.४ आहे. शुगर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांत पू राहिला की शुगरही आटोक्यात यायला त्रास देते. आणि तिसरी मशेरी. तव्यावर भाजली म्हणून तंबाखूचं औषध होत नाही, ताई. सासूबाई सत्तरीपर्यंत लावत होत्या आणि त्यांचे दात चांगले होते, हे तुम्ही म्हणालात, खरंही असेल. पण तुम्ही ज्या बोटानं ज्या जागी रोज घासता, नेमकी तिथलीच हिरडी सर्वांत खाली गेली आहे. शिवाय डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा आहे. तो फोटोत दिसत नाही, मी आरशात बघितला. मशेरी आजपासून पूर्ण बंद करा. दोन-तीन आठवड्यांत चट्टा गेला नाही तर तिथला छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. घाबरवायला हे लिहिलेलं नाही. लपवलं असतं तर मी चुकले असते.

गेलेलं हाड समोरच्या दातांत परत वाढत नाही, पण झीज थांबवता येते. त्यासाठी कीटण हिरडीच्या खालपर्यंत काढायचं, दोन बैठकांत, भूल देऊन. "साफ केले की दात हलायला लागतात" असं बेदाण्याच्या शेडवर बायका म्हणतात, ते मला माहीत आहे. कीटण दातांना बाहेरून चिकटून धरतं, ते निघालं की आधीच हलते झालेले दात तुम्हाला जाणवतात, एवढंच. काही दिवस गार पाणी झिणझिणेल, हिरडी आवळून दात लांब दिसतील. सूज उतरली म्हणून तसं दिसतं.

बेदाण्याचं शेड फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होईल, तेव्हा सुट्टी मिळणार नाही म्हणालात. म्हणून असं ठरवलंय. मंगळवार २१ ला डावी बाजू साफ आणि वरचा छोटा फोटो. २८ ला उजवी बाजू, त्याच दिवशी ४६ चं रूट कॅनॉल सुरू. ६ फेब्रुवारीला, गुरुवारी, ३८ काढायची. त्याआधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ३७ चं सिमेंट जखम भरल्यावर. मार्चअखेर हिरड्या परत मोजू, ३६ चा निर्णय तेव्हा. ४६ ची कॅप हा मोठा खर्च आहे, तो हप्त्यानं दिलात तरी चालेल. सगळं इथंच करायला हवं असंही नाही. डेंटल कॉलेजात कमी पैशांत होतं, हा कागद आणि फोटो घेऊन गेलात तर त्यांना सगळं कळेल.

यामध्ये ताप आला, सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेनासं झालं किंवा गिळताना, श्वास घेताना अडखळलं, तर २१ ची वाट बघू नका. रात्र असली तरी मिरजेच्या सरकारी दवाखान्यात जा.

मंगळवारी सकाळी अकराला या. उपाशी येऊ नका, नाश्ता करून आणि शुगरची गोळी घेऊनच या.

तुमची डॉक्टर