क्लासच्या अटी, मराठीत

बाबा, चिपळूणच्या क्लासने ओंकारच्या अ‍ॅडमिशनचा इंग्रजी मेसेज पाठवलाय, तो मराठीत लिहून पाठवतेय. मी मध्ये बोललेय तिथे ‘माझं’ असं लिहिलंय, बाकी सगळं त्यांचं.

‘वर्षाची फी ६०,००० रुपये. त्यातले ५,००० नोंदणीचे, ते कुठल्याही कारणाने परत मिळणार नाहीत. १८ टक्के जीएसटी धरून एकूण ७०,८००. पहिला हप्ता ४०,००० प्रवेशाच्या वेळी, उरलेले ३०,८०० रुपये १ सप्टेंबरला.

बॅच १५ जूनला सुरू होईल. २१ जूनपर्यंत लेखी कळवून प्रवेश रद्द केल्यास नोंदणी आणि जीएसटी वजा करून भरलेली रक्कम परत मिळेल. २२ जून ते १४ जुलै या काळात तिच्या निम्मी. त्यानंतर काही नाही, आणि दुसरा हप्ता तरीही भरावा लागेल.’

माझं: दिवस बॅच सुरू झाल्यापासून मोजणार, ओंकार कधी बसायला लागला त्यावर नाही. पावसात गुहागरची एसटी चुकली, तो आठवडाभर उशिरा गेला, तर पहिली मुदत घरातच संपेल.

‘आजारपण किंवा घरातली अडचण असल्यास प्रवेश एकदाच फ्रीझ करता येईल, कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ४५ दिवस. अर्ज ७ दिवस आधी, आजारपणात डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून. फ्रीझच्या काळात हप्त्याची तारीख पुढे जाणार नाही. गणपतीची सुट्टी आणि अतिवृष्टीमुळे बंद राहिलेले दिवस फ्रीझमध्ये धरले जाणार नाहीत.’

माझं: हे नीट वाचा. जिममध्ये फ्रीझ केलं तर मुदत तेवढी पुढे सरकते. इथे बॅच पुढे चालूच राहते, परीक्षाही थांबत नाही. बुडालेले धडे कधी भरून देणार, याबद्दल एक अक्षर नाही. आणि तापाचा अर्ज ७ दिवस आधी कोण करणार? हे दोन्ही विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, तोंडी ‘बघू, अ‍ॅडजस्ट करू’ नको.

आणखी एक. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी हिशेबाने १० दिवसांत परत द्यावी, असं त्यात आहे. तो कायदा नव्हे, पण सरांशी बोलताना सांगा, आणि क्लास सोडल्यावरही दुसरा हप्ता का भरायचा ते विचारा. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

फॉर्मवर ‘सर्व अटी मान्य’ असं छापलंय, त्याखाली पालकांची सही आहे. दुसऱ्या हप्त्याचं उत्तर मिळेपर्यंत सही करू नका, आंब्याचे पैसेही खात्यातच राहू देत. ओंकार घाई करेल, मित्रांचे प्रवेश झालेत म्हणेल. त्याला मला फोन करायला सांगा.